नूतनीकरणाचं पत्र: नवी मुदत, नवा पगार आणि ‘अजून कायम का नाही’

ठराविक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या माणसाला मुदत संपत आली की एक पानी पत्र मिळतं. करार आणखी इतक्या महिन्यांसाठी वाढवला आहे, पगार आता इतका, आणि शेवटी कुठेतरी ‘तूर्तास हे पद कायम करणं शक्य नाही’. पहिल्या दोन गोष्टी वाचून माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि सही करून टाकतो. तिसरं वाक्य डोळ्यांखालून जातं, पण मनात उतरत नाही. पुढे वाद झालाच तर तो बहुतेक वेळा या तिसऱ्या वाक्यावरूनच होतो.

मनुष्यबळ विभागात अशी पत्रं मी बरीच वर्षं लिहिली आहेत आणि दुसऱ्यांनी लिहिलेलीही तपासली आहेत. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्या तिसऱ्या वाक्यालाच दिला आहे. मुदत आणि पगार आधी पाहू, कारण ते वाक्य या दोन्हींवर उभं असतं.

उदाहरण एकच घेऊ. एका संस्थेत जुन्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन चालू आहे आणि त्या प्रकल्पावर एक डेटा समन्वयक आहे. तिचा पहिला करार 1 एप्रिल 2024 ते 30 सप्टेंबर 2025 असा अठरा महिन्यांचा होता. पगार दरमहा 40,000. प्रकल्पाला बाहेरून मिळणारा निधी 30 सप्टेंबर 2026 पर्यंत मंजूर आहे आणि पुढच्या टप्प्याच्या निधीचा निर्णय जून 2026 मध्ये व्हायचा आहे. संस्थेला तिला ठेवायचं आहे, तिलाही राहायचं आहे. आता पत्र लिहायचं आहे.

मुदतीचं वाक्य सोपं वाटतं, पण चुका तिथेही होतात. ‘करार आणखी एका वर्षासाठी वाढवण्यात येत आहे’ एवढंच लिहिलं तर वर्ष कधीपासून मोजायचं ते कळत नाही. पत्राच्या तारखेपासून, सहीच्या तारखेपासून, की जुनी मुदत संपल्यापासून? म्हणून दोन्ही टोकांच्या तारखा हव्यात: 1 ऑक्टोबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026, दोन्ही दिवस धरून. शेवटची तारीख 1 ऑक्टोबर 2026 पडली, तर बारा महिन्यांवर एक दिवस जास्त होतो. एका दिवसाने काय बिघडतं असं वाटेल, पण जिथे कायद्याने एकूण मुदतीवर मर्यादा घातली आहे तिथे नेमका तो दिवस मर्यादेपलीकडे जाऊ शकतो.

तारखेऐवजी ‘प्रकल्प पूर्ण होईपर्यंत’ असंही काही जण लिहितात. कित्येक देशांत ते चालतं, पण मग प्रकल्प पूर्ण झाला हे कोण ठरवणार आणि कसं, तेही लिहावं लागतं. हे मी स्वतः चुकून शिकले. मी लिहिलेल्या एका पत्रात ‘काम पूर्ण होईपर्यंत’ असे शब्द होते. काम मुख्यतः संपलं, पण दुरुस्त्या चालूच राहिल्या. कर्मचारी रोज येत होता, पगार जमा होत होता, आणि करार चालू आहे की संपला याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तेव्हापासून कामाची अट लिहिली तरी तिच्यासोबत ‘आणि कोणत्याही परिस्थितीत अमुक तारखेपर्यंत’ हे शब्द मी घालतेच.

दुसरी गोष्ट सहीच्या वेळेची. पत्र जुनी मुदत संपण्याआधी द्यायचं आणि सहीही आधीच घ्यायची. 30 सप्टेंबरला मुदत संपली, 1 ऑक्टोबरला ती नेहमीप्रमाणे कामावर आली आणि पत्र 12 ऑक्टोबरला निघालं, तर मधले अकरा दिवस ती कोणत्या करारावर काम करत होती? जर्मनीत याचं उत्तर कायद्यातच आहे. मुदत संपल्यावर मालकाला माहीत असताना काम चालू राहिलं आणि त्याने लगेच हरकत घेतली नाही, तर नोकरी बेमुदत धरली जाते. इतर ठिकाणी उत्तर इतकं सरळ नसतं, पण पत्राचा उशीर कर्मचाऱ्यापेक्षा मालकालाच जास्त अडचणीत आणतो, असा माझा अनुभव आहे. मागची तारीख घालून पत्र देणं हा यावरचा उपाय नाही. ते खोटं तर आहेच, शिवाय ईमेलच्या तारखांवरून सहज उघडं पडतं.

आता पगार. सुधारित वेतनाच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: जुना आकडा, नवा आकडा आणि नवा आकडा कधीपासून. टक्केवारी लिहिली तर ती कशावर मोजली तेही हवं. आपल्या उदाहरणात पगार 40,000 वरून 43,200 झाला, म्हणजे आठ टक्के वाढ. वाचायला छान वाटतं. पण पहिल्या करारात तिला दरमहा 2,500 प्रकल्प भत्ता वेगळा मिळत होता आणि नव्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही असं समजा. मग आधीचे 42,500 होते आणि आताचे 43,200. खरी वाढ 700 ची, म्हणजे पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. इथे कुणी फसवायला बसलंय असं नेहमीच नसतं. पुष्कळदा पत्र लिहिणाऱ्यासमोर फक्त मूळ पगाराचा तक्ता असतो आणि भत्ता दुसऱ्या खात्यातून निघत असतो. म्हणून पत्रात एक वाक्य असावं: पूर्वीचा प्रकल्प भत्ता चालू राहील, किंवा तो नव्या वेतनात धरला आहे, किंवा या तारखेपासून बंद होईल. तिन्हींपैकी काहीही चालेल, पण मौन नको.

पत्र हातात आल्यावर कर्मचाऱ्याने मागच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवरची दरमहाची बेरीज शेजारी ठेवावी आणि नव्या आकड्याशी ताडून पाहावी. कागदावरचा एकूण पगार आणि हातात पडणारा पगार यांत कपातींचा फरक असतो, म्हणून तुलना एकूण पगाराची एकूण पगाराशीच करायची.

पगार आणि मुदत एकाच पत्रात बदलणं हे जगभर नेहमीचं आहे, पण जर्मनीत त्यात एक विलक्षण पेच आहे. तो इथे सांगते, कारण ‘मुदतवाढ’ आणि ‘नवा करार’ यांतला फरक त्यातून चांगला कळतो. तिथे काही विशेष कारण न देता मुदतीचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत करता येतो आणि त्या दोन वर्षांत तीनदा वाढवता येतो. पण ‘वाढवणं’ म्हणजे फक्त शेवटची तारीख पुढे सरकवणं. त्याच पत्रात पगारही बदलला, तर तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाच्या मते ती मुदतवाढ उरत नाही, तो नवा करार होतो. आणि कारणाशिवाय मुदतीचा नवा करार त्याच मालकासोबत पुन्हा करता येत नाही, म्हणून नोकरी बेमुदत ठरते. पगार वाढवला तरीसुद्धा हेच घडू शकतं. त्या वाढीवर कर्मचाऱ्याचा आधीपासूनच हक्क असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून तिथले जाणकार तारखेचं पत्र आणि पगाराचं पत्र वेगवेगळ्या वेळी देतात. तुमच्या देशात हा नियम नसेल, तरी एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवावा: या पत्राने जुना करार पुढे सरकतो आहे की जुना संपून नवा सुरू होतो आहे? नवा सुरू होत असेल, तर शिल्लक रजा, आधीची सेवा, नोटीस पिरियड, सगळ्यांचं काय होणार ते लिहावं लागतं. पुढेच सरकत असेल तर ‘मूळ कराराच्या इतर सर्व अटी जशाच्या तशा लागू राहतील’ हे एक वाक्य पुरतं.

आता ते तिसरं वाक्य.

पद कायम का नाही याचं कारण पत्रात लिहायचंच कशाला, असं पुष्कळ व्यवस्थापक मला विचारतात. लिहिलं तर त्यात अडकू, अशी त्यांना भीती वाटते. भीती अगदीच निराधार नाही. पण कारण न लिहिल्याने ते नाहीसं होत नाही. ते फक्त तोंडी राहतं, आणि तोंडी कारण सांगणारा माणूस बदलला की कारणही बदलतं. शिवाय अनेक देशांत कायदाच कारण मागतो. ब्रिटनमध्ये 2002 च्या नियमांनुसार एकामागून एक करारांवर चार वर्षं सेवा झाली की कर्मचारी कायम धरला जातो, मात्र मालकाने वस्तुनिष्ठ कारण दाखवलं तर अपवाद होतो. अशा कर्मचाऱ्याने लेखी विचारणा केली, तर मालकाला 21 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं: एकतर तू कायम आहेस, नाहीतर नसण्याची कारणं ही. जपानमध्ये एकूण करार पाच वर्षांपेक्षा जास्त झाले की कर्मचारी बेमुदत करारासाठी अर्ज करू शकतो आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. भारतातल्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र नूतनीकरण किती वेळा करायचं यावर मर्यादा घातलेली नाही. मुदतीच्या कर्मचाऱ्याचं वेतन, कामाचे तास आणि लाभ तेच किंवा तसंच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी नसावेत, आणि एक वर्ष सेवा झाली तर ग्रॅच्युइटी मिळावी, एवढं ती सांगते. जिथे कायदा आकडा घालून देत नाही, तिथे पत्रातलं कारण हाच कर्मचाऱ्याचा मुख्य आधार उरतो.

मग चांगलं कारण म्हणजे कोणतं? माझी कसोटी एकच आहे. ते कारण संपलं की नाही, हे बाहेरच्या माणसाला तपासता आलं पाहिजे. निधी अमुक तारखेपर्यंत आहे, हे तपासता येतं. बाळंतपणाच्या रजेवरच्या सहकाऱ्याच्या जागी नेमणूक आहे आणि ती अमुक तारखेला परतणार आहे, हे तपासता येतं. पद मंजूर व्हायचं आहे आणि प्रस्ताव अमुक समितीसमोर अमुक महिन्यात येणार आहे, हेही येतं. ‘संस्थेच्या धोरणानुसार’, ‘सध्याची आर्थिक परिस्थिती लक्षात घेता’, ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ ही वाक्यं मात्र कधीच खोटी ठरत नाहीत, कारण ती काही सांगतच नाहीत. युरोपियन न्यायालयाने 2006 मध्ये ग्रीसमधल्या एका प्रकरणात साधारण हेच सांगितलं होतं: कायद्यात सरसकट परवानगी आहे एवढं म्हणणं हे वस्तुनिष्ठ कारण नव्हे. त्या विशिष्ट कामाची विशिष्ट परिस्थिती दाखवावी लागते.

कामगिरीचं कारण मला सर्वांत जास्त खटकतं. ‘आपली कामगिरी आणखी काही काळ पाहून निर्णय घेऊ’ असं लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत, आणि त्याच पत्रात वर ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल आठ टक्के वेतनवाढ’ असंही असतं. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर खरी असू शकत नाहीत. अठरा महिने काम पाहून झाल्यावर पुन्हा पाहायचं असेल, तर काय पाहायचं, कोण पाहणार आणि कधी, हे लिहायला हवं. ते लिहिता येत नसेल, तर कारण कामगिरीचं नाही, दुसरंच काहीतरी आहे.

खरं आणि तपासता येणारं कारणसुद्धा पुन्हा पुन्हा वापरलं की झिजतं. कोलोनमधल्या एका न्यायालयाच्या कार्यालयात एका कर्मचारी महिलेला साडेअकरा वर्षांत तेरा करार मिळाले, प्रत्येक वेळी रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी जागी. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं. 2012 च्या निकालात न्यायालय म्हणालं की बदली कर्मचाऱ्याची गरज वारंवार पडते, एवढ्यावरून ते कारण खोटं ठरत नाही. पण करारांची संख्या आणि एकूण काळ यांसकट सगळी परिस्थिती पाहूनच गैरवापर झाला का ते ठरवावं लागेल. म्हणजे तेराव्या पत्रातलं कारण एकटं वाचलं जात नाही. आधीची बारा पत्रंही शेजारी ठेवली जातात. म्हणून नूतनीकरणाच्या प्रत्येक पत्रात हे कितवं नूतनीकरण आहे आणि एकूण सेवा किती झाली, हे मी लिहिते. आपल्या समन्वयकेचं हे पहिलं नूतनीकरण आहे आणि नवी मुदत संपेल तेव्हा तिचे सलग 30 महिने होतील. पुढचं पत्र लिहायला बसणाऱ्याला हा आकडा आपोआप विचार करायला लावतो.

दोन करारांमध्ये चार-आठ दिवसांची मोकळी जागा ठेवून सेवा तोडण्याची युक्ती काही ठिकाणी अजून चालते. ग्रीसच्या त्याच प्रकरणात हाही मुद्दा होता. तिथला नियम फक्त वीस कामाच्या दिवसांपर्यंतच्या अंतराने जोडलेल्या करारांनाच सलग मानत होता, आणि न्यायालयाने तो नियम नाकारला. जाणूनबुजून पाडलेला खंड कागदावर दिसतोच. माझ्या मते तो कर्मचाऱ्याचा सरळ अपमान आहे, आणि मी अशा पत्राचा मसुदा करून देत नाही.

आता ‘अजून’ या शब्दाबद्दल. ‘हे पद कायम नाही’ आणि ‘हे पद अजून कायम नाही’ यांत फार मोठं अंतर आहे. ‘अजून’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘पुढे होईल’ ऐकू येतं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसेल, तर तो शब्द काढून टाकावा. असेल, तर नेमकं किती आहे ते लिहावं. इथे तीन पायऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. ‘निधी मिळाल्यास आपल्याला या पदावर कायम नेमण्यात येईल’ हे अट घातलेलं वचन आहे. ‘आपला विचार केला जाईल’ म्हणजे फक्त विचार. आणि ‘पद निर्माण झाल्यास त्याची जाहिरात निघेल आणि आपण अर्ज करू शकाल’ म्हणजे रांगेत इतरांबरोबर उभं राहणं. जिथे खुल्या जाहिरातीशिवाय कायम नेमणूक करताच येत नाही, अशा संस्थेने पहिली पायरी लिहिणं म्हणजे हातात नसलेली गोष्ट देऊ करणं. व्यवस्थापक बहुतेक वेळा दुसरी पायरी निवडतात, कारण ती ऐकायला गोड लागते. मला तिसरी जास्त प्रामाणिक वाटते, जरी वाचणाऱ्याला ती कोरडी वाटली तरी.

आपल्या समन्वयकेचं पत्र मी असं लिहीन:

‘आपला 1 एप्रिल 2024 चा करार 30 सप्टेंबर 2025 रोजी संपत आहे. तो 1 ऑक्टोबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026 (दोन्ही दिवस धरून) या मुदतीसाठी पुढे वाढवण्यात येत आहे. हे पहिलं नूतनीकरण असून आपली सेवा 1 एप्रिल 2024 पासून सलग धरली जाईल.

‘1 ऑक्टोबर 2025 पासून आपलं मूळ मासिक वेतन 40,000 वरून 43,200 होईल. दरमहा 2,500 चा प्रकल्प भत्ता पूर्वीप्रमाणे वेगळा मिळत राहील.

‘हे पद सध्या कायम नाही, कारण त्याचा संपूर्ण खर्च डिजिटायझेशन प्रकल्पाच्या निधीतून होतो आणि तो निधी 30 सप्टेंबर 2026 पर्यंतच मंजूर आहे. आपल्या कामगिरीशी या कारणाचा संबंध नाही. पुढील टप्प्याच्या निधीचा निर्णय जून 2026 मध्ये अपेक्षित आहे. तो निर्णय आणि या पदाचं पुढे काय होणार, हे आम्ही आपल्याला 15 जुलै 2026 पर्यंत लेखी कळवू. निधी न मिळाल्यास करार ठरलेल्या तारखेला संपेल. पद कायम स्वरूपात निर्माण झाल्यास ते जाहिरातीद्वारे भरलं जाईल आणि आपण अर्ज करू शकाल.

‘मूळ कराराच्या इतर सर्व अटी, मुदतीपूर्वी करार संपवण्याच्या नोटीशीसह, जशाच्या तशा लागू राहतील.’

नोटीशीचा शेवटचा उल्लेख मुद्दाम घातला आहे. मुदतीच्या करारात मुदतीपूर्वी संपवण्याची सोयच नसेल, तर अनेक देशांत मालकाला तो मधेच मोडता येत नाही आणि मोडला तर उरलेल्या महिन्यांच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. मुदतीआधी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हीच अडचण येऊ शकते. म्हणून मूळ करारात ते कलम आहे का हे पत्र लिहिण्याआधी उघडून पाहावं. नसलेल्या कलमाचा हवाला देणारी पत्रंही मी पाहिली आहेत.

‘आपल्या कामगिरीशी या कारणाचा संबंध नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहायचं. खरं असूनही ते वगळलं, तर माणूस पुढचं वर्षभर आपलं काय चुकलं ते शोधत राहतो. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

असं पत्र तुम्हाला मिळालं आणि त्यात कारण नसेल किंवा गुळमुळीत असेल, तर सही करण्याआधी एक छोटा ईमेल करा. भांडणाचा सूर नको. ‘मुदतवाढीबद्दल आभार. हे पद कायम नसण्याचं नेमकं कारण काय आणि त्यावर पुढचा निर्णय कधी अपेक्षित आहे, हे कळवाल का?’ एवढं पुरे. तोंडी उत्तर मिळालं, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यातून मला असं समजलं’ असं लिहून पाठवा. नूतनीकरण नाकारलं जाईल या भीतीने लोक विचारायला कचरतात, आणि ती भीती मला समजते. पण पत्र हातात पडलं आहे आणि सही व्हायची आहे, तेव्हा संस्थेलाही ती सही हवी असते. हा प्रश्न विचारायला सगळ्यात सोपी वेळ हीच.

त्यानंतर 15 जुलै 2026 ही तारीख दोन्ही बाजूंच्या कॅलेंडरवर टाकायची. त्या दिवसापर्यंत संस्थेकडून काही आलं नाही, तर समन्वयकेने 16 तारखेला त्या पत्राचा उतारा जोडून विचारणा करावी. निधी मिळाला असेल आणि तरीही पुन्हा बारा महिन्यांचंच पत्र पुढे आलं, तर जुन्या पत्रातलं कारण संपलेलं आहे, आणि नव्या पत्रात नवं कारण लिहावं लागेल.